काटा खरवडा, पण कार्ड शोधत बसू नका

«मधमाशी चावली तर काटा चिमटीत कधीच धरू नका. विषाची पिशवी दाबली जाऊन सगळं विष अंगात जातं. एटीएम कार्डाने आडवा खरवडूनच काढा. मग त्या जागी चुना लावा किंवा लोखंड घासा, विष उतरतं. सूज दुसऱ्या दिवशी वाढली तर जंतुसंसर्ग समजा. सर्वांना पाठवा.»

मोबाइलवर फिरणाऱ्या या संदेशातल्या पिशवीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा गैरसमज तिथूनच निघतो. मधमाशीच्या काट्याला मागे वळलेले दाते असतात. तो कातडीत अडकतो आणि माशी उडताना तिच्या पोटातून तुटून मागे राहतो. त्याच्यासोबत विषाची पिशवी, स्नायू आणि त्यांना चालवणारी मज्जागाठही राहते. म्हणून माशी गेल्यावरही काटा आपोआप खोल शिरत राहतो आणि विष सोडत राहतो. हे विष झडपांच्या छोट्या पंपाने ढकललं जातं, त्यामुळे बोटांच्या दाबाने ते भसकन आत जात नाही. १९९६ साली व्हिशर, व्हेटर आणि कॅमाझिन यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. चिमटीने काढलेल्या आणि खरवडून काढलेल्या डंखांच्या फुगवट्यांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. काटा जितका वेळ राहिला तितका फुगवटा मात्र वाढत गेला, आणि हा फरक अवघ्या काही सेकंदांच्या उशिरातही दिसला.

कार्डाचा सल्ला इथेच घातक ठरतो. साधारण २० सेकंदांत पिशवीतलं ९० टक्के विष आत गेलेलं असतं. पाकीट काढून त्यातलं कार्ड शोधायला तेवढा वेळ सहज लागतो, आणि डोंगरावर पाकीट सॅकच्या तळाशी असतं. आडवं खरवडणं ही चांगलीच रीत आहे, पण त्यासाठी नख पुरतं. काट्याच्या बुडाशी नख जवळजवळ आडवं टेकवा आणि कातडीलगत एकाच झटक्यात बाजूला सरकवा. मनगट, पोटरी, हाताची पाठ इथे हे सहज जमतं. केसांत किंवा पापणीवर खरवडता येत नाही, तिथे बेलाशक चिमटीत धरून ओढा. पांढुरकी पिशवी निघाली म्हणजे काम झालं. आत बारीक काळं टोक उरलंच तर सुईने कोरू नका. त्याच्यामागे आता विष नाही, आणि कोरलेल्या जागी जखम मात्र होते. गांधीलमाशीचा काटा सहसा मागे राहत नाही, तेव्हा तिच्या डंखावर काही दिसत नसताना खरवडत बसू नका.

चुन्यामागचा तर्क असा की विष आम्ल आहे, चुना त्याला मारेल. विष आम्लधर्मी आहे खरं, पण दुखापत करतात ती त्यातली मेलिटिन आणि फॉस्फोलायपेज यांसारखी प्रथिनं, आणि ती कातडीच्या आत गेलेली असतात. वर लावलेला चुना तिथवर पोचत नाही. तो कातडी मात्र भाजतो, आणि डोळ्याजवळ तर तो अजिबात नको. लोखंड घासल्याने गार वाटतं, पण विष उतरत नाही. गंजलेलं असेल तर वर ओरखडे पडतात.

समजा, सातेरी मधमाश्यांची पेटी उघडताना डाव्या अनामिकेला डंख बसला. काटा नखाने लगेच काढायचा आणि बोट सुजण्याआधी अंगठी उतरवायची. ही अंगठी लोक हमखास विसरतात, आणि मग ती कापावी लागते. काट्यासोबत केळ्यासारख्या वासाचं एक रसायन सुटतं, त्याने इतर माश्याही चिडतात. म्हणून पेटीपासून लांब जाऊन साबणपाण्याने बोट धुवायचं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा, हात उंच ठेवायचा. खाज फार असेल तर सेटिरिझिनची गोळी उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी सूज मनगटापर्यंत चढली, तरी तो बहुधा विषाचाच परिणाम असतो. अशी सूज ४८ तासांपर्यंत वाढू शकते, आणि उगाच प्रतिजैविकं घेऊन काही साधत नाही. सूज ओसरू लागल्यावर पुन्हा दुखणं वाढलं, पू किंवा ताप आला, तर संसर्गाची शंका घ्यावी.

त्या संदेशात सगळ्यात महत्त्वाचं आहेच कुठे? डंखापासून दूर अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलट्या किंवा चक्कर आली, तर काट्याचा विचार सोडून थेट दवाखाना गाठायचा. तिथे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. सेटिरिझिन त्याची जागा घेत नाही. ॲलर्जी नसलेल्यालाही तोंडात किंवा घशात डंख बसला, तर तेवढ्यावरच दवाखान्याकडे निघायचं.

गडावर आग्या मोहोळ उठलं तर क्रम उलटा. आधी तोंड झाकून लांब पळायचं, काटे नंतर काढायचे. डंख डझनांनी मोजावे लागत असतील, तर माणूस बरा दिसत असला तरी त्याला रुग्णालयात न्यायचं. एवढ्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि ती एक-दोन दिवसांनी लाल-तपकिरी किंवा कमी झालेल्या लघवीतून कळते.