अल्पवयीनाच्या कराराचा प्रॉब्लेम आणि पाठ केलेला तक्ता

«कायद्याचा पेपर सोडवायला मूळ कायदा वाचायची गरज नाही. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा, तेच तेच प्रॉब्लेम फिरून येतात, फक्त नावं बदलतात. कोणत्या प्रॉब्लेमला कोणतं कलम आणि कोणता खटला, एवढा तक्ता पाठ करा. कलम बरोबर आलं की गुण मिळतात.»

प्रॉब्लेम फिरून येतात, हे या सल्ल्यातले म्हणणे विषयापुरते खरे आहे. करार कायद्याच्या पेपरात अल्पवयीनाचा करार वारंवार विचारला जातो. पण कलम लागू होते ते विषयाला पाहून नव्हे, तर प्रश्नात दिलेल्या वस्तुस्थितीला पाहून, आणि परीक्षक नेमकी तीच बदलतो. समजा, जुन्या पेपरात असा प्रश्न आहे: सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून सावकाराकडून ५०,००० रुपये घेतले, त्यातून मोटारसायकल विकत घेतली, सावकाराने वसुलीचा दावा लावला, तर तो यशस्वी होईल का? तक्ता पाठ असलेला विद्यार्थी १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ११ लिहितो, १९०३ चा मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय सांगतो आणि करार मुळातच शून्य असल्याने मुलाला काहीही परत करावे लागणार नाही, असा निष्कर्ष काढतो. यातला कराराबद्दलचा भाग बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अपुरा आहे.

मोहोरी बीबी खटल्यात न्यायालयात गेला होता तो अल्पवयीन मुलगा. गहाणखत रद्द करावे अशी त्याची मागणी होती. शिवाय तो अल्पवयीन आहे, हे सावकाराच्या प्रतिनिधीला आधीच माहीत होते. आपल्या प्रश्नात दावा सावकाराचा आहे आणि त्याची फसवणूक झालेली आहे. शून्य करारातून मिळालेला लाभ परत करायला लावणारे करार अधिनियमाचे कलम ६५ इथेही सावकाराच्या कामाचे नाही, कारण ते करार करण्यास सक्षम असलेल्या पक्षांनाच लागू होते, असे त्या निर्णयात म्हटले आहे. पण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३३(२)(ब) नुसार, प्रतिवादीने आपण करारास सक्षम नव्हतो या बचावावर दावा परतवला, तर त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला तेवढा परत करण्यास न्यायालय सांगू शकते. मोटारसायकल अजून मुलाकडे असेल, तर या तरतुदीवर युक्तिवाद उभा राहतो. पैसे चैनीत उडवले असतील, तर लाभ उरला आहे का, हाच वादाचा मुद्दा होतो. म्हणून उत्तर लिहिताना पहिली नजर दावा कोणी लावला यावर आणि दुसरी त्या पैशाचे काय झाले यावर गेली पाहिजे. निव्वळ तक्त्यात यांपैकी एकाही गोष्टीला जागा नसते.

मूळ कायदा न वाचता चालते, या म्हणण्याला सर्वांत स्पष्ट उत्तर करार अधिनियमाचे कलम ६८ देते. त्याच प्रश्नात मोटारसायकलीऐवजी दुकानदाराने उधारीवर दिलेले धान्य आणि शाळेचा गणवेश आला की हे कलम पुढे येते. त्यातला प्रत्येक शब्द प्रश्नातल्या एकेका तपशिलाशी जोडावा लागतो. वस्तू आवश्यक हव्यात. त्या त्या व्यक्तीच्या राहणीमानाला साजेशा हव्यात. त्या अल्पवयीनाला स्वतःला किंवा ज्याच्या पालनपोषणाची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर आहे अशा व्यक्तीला पुरवलेल्या असाव्यात. आणि भरपाई मिळते ती त्याच्या मालमत्तेतून, त्याला व्यक्तिशः जबाबदार धरून नव्हे. या चौथ्या अटीवरच बहुतेक उत्तरे घसरतात. मुलाच्या नावावर काहीच नसेल, तर कलम बरोबर लिहूनही दुकानदाराच्या हाती काही लागत नाही, आणि ते वाक्य उत्तरात आलेच पाहिजे.

माझ्या मते जुन्या प्रश्नपत्रिकेचा खरा उपयोग असा: प्रश्न आणि बेअर ॲक्ट शेजारी ठेवून कलमातील प्रत्येक अटीखाली प्रश्नातला तपशील लिहावा, मग एकच तपशील बदलून कोणती अट ढासळते ते पाहावे. करार अठराव्या वर्षानंतर त्या मुलाने मान्य केला, असे घातले तर? मुळात शून्य असलेल्या कराराला नंतर मान्यता देता येत नाही. प्रौढ झाल्यावर नव्या मोबदल्यावर केलेला करार मात्र वेगळा ठरतो.

फौजदारी पेपरात हा तक्ता आणखी लवकर फसतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. फसवणुकीचे जुने कलम ४२० आता कलम ३१८(४) मध्ये आहे, आणि नव्या संहितेत एकूण कलमे ३५८ च असल्याने तिच्यात ४२० हा क्रमांकच नाही. तरीही जुना कायदा पूर्णपणे बाजूला टाकता येत नाही: त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागू राहते. म्हणून प्रश्नात घटनेची तारीख दिली असेल, तर कलम शोधण्याआधी ती वाचावी.