भिंतीचं पोट

आमच्या हॉलची पश्चिमेकडची भिंत बावीस वर्षं सरळ होती. निदान आमचा तसा समज होता. डोंबिवलीतल्या चार मजली इमारतीत, बिल्डरने पावसाळ्याच्या आत ताबा द्यायचा म्हणून घाईघाईने गिलावा केलेल्या फ्लॅटमध्ये भिंत सरळ असेल असं समजायला मुळात काही कारण नव्हतं. पण खोलीच्या मधोमध ट्यूबलाइट होती, आणि समोरून पडणाऱ्या उजेडात कुठलीही भिंत सज्जनच दिसते.

मग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोने वॉललाइट आणला. हा दिवा भिंतीलाच चिकटून बसतो आणि वर-खाली उजेड फेकतो. म्हणजे उजेड भिंतीवर पडत नाही, भिंतीला घासून जातो. संध्याकाळी आम्ही कौतुकाने बटण दाबलं आणि भिंतीवर सह्याद्री उगवला. डोंगर, दऱ्या, मधे एक खिंड. सोफ्याच्या वर एक मोठा फुगवटा होता, त्याची सावली पार कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"भिंतीला पोट आलंय," बायको म्हणाली. बोलताना तिने माझ्याकडे का पाहिलं हे मी विचारलं नाही.

एवीतेवी घराला रंग काढायचाच होता, म्हणून पेंटरला बोलावलं. त्याने भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, आधी लांबी मारून घेऊ."

मी टेप आणायला उठलो. "चौदा फूट आहे. उंची नऊ."

तो माणूस सभ्य, हसला नाही. पुट्टीला पेंटर लोक लांबी म्हणतात, हे ज्ञान मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी झालं. पुढे तो एक वाक्य बोलला. ते मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. तो म्हणाला, "पुट्टीने भिंत गुळगुळीत होते, सरळ होत नाही." मी 'गुळगुळीत होते' एवढंच ऐकलं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला अर्धं वाक्य ऐकायची सवय असते.

त्याने जुना रंग खरवडला, भिंतीवर पाणी मारलं (कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते आणि मग पुट्टीची भुकटी होते) आणि पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात दिले. एक उभा, एक आडवा. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आतच, म्हणजे जेमतेम नाण्याएवढी. १२६ चौरस फुटांच्या भिंतीला वीस किलोची एक पिशवी पुरून उरली. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासलं. ती घासणी काय असते हे सांगत नाही. एवढंच सांगतो की पुढचे चार दिवस आमच्या चिवड्यात, देव्हाऱ्यात आणि माझ्या मिश्यांत एकच रंग होता.

रात्री वॉललाइट लावला. सह्याद्री जागच्या जागी. फरक इतकाच की आता त्याला पॉलिश होतं.

आणि हे तसंच व्हायला हवं होतं, कारण पुट्टी पत्तीने ओढतात. पत्ती हातभर लांबीचीसुद्धा नसते. ती डोंगर आला की डोंगरावर चढते, दरी आली की दरीत उतरते. वाटेतली वाळूची खरखर, बारीक भोकं, जुन्या ब्रशचे ओरखडे ती भरून काढते. पण भिंतीने नेलं तिकडे जाणं हा तिचा स्वभाव आहे. मला हे कळायला हवं होतं. मी मात्र पेंटरला म्हणालो, "दरीत आणखी भरा."

"जाड नको साहेब, तडकेल."

"भरा हो, पैसे मी देतोय."

मी आणखी दोन पिशव्या आणवल्या. त्याने माझ्यापुढे हात टेकून दरीत तिसरा हात दिला, चौथा दिला, पाचवाही दिला. तीन दिवसांनी त्या जागी मे महिन्यातल्या तळ्याचा तळ तयार झाला होता. वरचा थर आधी वाळून आकसतो, आत ओलावा असतो, आणि मग जाड पुट्टीला जाळीदार भेगा पडतात. नखाने उचकटली तर पापडासारखी कपची हातात आली. पेंटरने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला अजून लागून आहे.

आता माझा मेहुणा शिरला. प्रत्येक घरात सल्ला द्यायला एक मेहुणा असतो. "भावजी, पीओपी करा. अख्ख्या घराला करा." पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्याच्या ओळखीचा पीओपीवाला आला. त्याने खिशातून काही काढलं नाही, भिंतीला हातही लावला नाही. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला टेकवली आणि तिच्यामागून करंगळी घातली. करंगळी गेली. दरी नऊ मिलिमीटर खोल होती. मग वरून ओळंबा सोडला. भिंत सोफ्याकडे झुकलेली आहे हेही निष्पन्न झालं. मला वाटलं होतं, सोफाच मागे सरकतो.

"साब, ये पुट्टी का काम ही नहीं है," तो म्हणाला. त्या वेळी पेंटर कोपऱ्यात ब्रश धूत होता. त्याने नळ जरा जोरात सोडला.

आधी माझी हौसेची पुट्टी खरवडली गेली. मग डोंगराचा माथा छिन्नीने उतरवला, आणि उरलेल्या भिंतीला टाचे मारले, म्हणजे पीओपीला पकड मिळावी. बावीस वर्षांच्या संसाराच्या मागची भिंत देवीचे व्रण आल्यासारखी दिसायला लागली. मग त्याने दोरी धरून जागोजाग पीओपीचे लहान गोळे एका पातळीत बसवले. त्यांना म्हणतात ठिय्ये. मी आजवर ठिय्या फक्त आंदोलनातला पाहिला होता. हे ठिय्येही तसेच, एकदा बसले की उठत नाहीत, आणि सगळं पुढचं काम त्यांच्या म्हणण्यानुसार चालतं. दोन ठिय्यांच्या मधे माल भरायचा आणि लांब पट्टी त्यांच्यावर टेकवून ओढायची. पट्टी दरीत उतरतच नाही, कारण ती ठिय्यांवर चालते. सगळी गंमत इथे आहे. लहान पत्ती भिंतीचं ऐकते, लांब पट्टी भिंतीला ऐकवते. सरासरी सहा मिलिमीटर जाडी धरून पंचवीस किलोच्या तीन पिशव्या लागल्या.

पीओपीला हे का जमतं? जिप्सम नावाचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं. उरते ती ही भुकटी. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली या दगडाच्या खाणी होत्या, म्हणून नावात पॅरिस. भुकटीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा दगड होते. पुट्टीसारखी ती आकसत नाही, म्हणून जाड थर चालतो. दगड होताना ती गरम होते आणि फार वाट पाहत नाही. पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास.

हे मला स्वानुभवाने माहीत आहे. कारागीर जेवायला गेले होते आणि मला वाटलं, आपणही एक घमेलं कालवून पाहावं. भुकटी पाण्यात सोडायची असते, मी भुकटीवर पाणी ओतलं. गुठळ्या झाल्या. घमेल्याला आधीचा वाळलेला माल चिकटलेला होता, तो धुवायचा असतो हे मला कोण सांगणार? जुने कण असले की नवा माल आणखी लवकर आवळतो. पाच मिनिटांत लापशी घट्ट झाली. मी गृहिणीच्या सहजतेने वर तांब्याभर पाणी घातलं आणि ढवळलं. ती पुन्हा मऊ झाली. विजयी मुद्रेने मी हातभर जागा लिंपली. संध्याकाळी कारागिराने तिथे बोट लावलं आणि पिठीसाखर गळावी तशी ती गळाली. आवळायला लागलेला पीओपी पाणी घालून मोडला की तो पुन्हा धरत नाही. "साब, आप ऑफिस नहीं जाते?" त्याने अतिशय नम्रपणे विचारलं.

भिंत सरळ झाली. मेहुणा म्हणाला, "आता बाथरूमच्या बाजूची भिंतही घ्या." इथे पेंटर पहिल्यांदा आपणहून बोलला. "वहिनी, एक प्लॅस्टिकची पिशवी द्या." त्याने पिशवी फाडली, हातभर तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला आणि गेला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं होतं. थेंब बाहेरच्या बाजूला असते तर दोष खोलीतल्या हवेचा. आतून आले म्हणजे भिंत पाणी पितेय.

पीओपी पाण्यातून जन्मतो, पण पाण्याशी त्याचं पुढे जमत नाही. ओल लागली की तो मऊ होतो, फुगतो आणि रंगासकट सुटतो. म्हणून ओलीच्या भिंतीला आणि बाहेरच्या बाजूला तो लावत नाहीत. तिथे सिमेंटची पुट्टी बरी, ती ओलाव्यापुढे जास्त टिकते. पण तीही ओल थांबवत नाही, फक्त रडारड उशिरा सुरू करते. आधी न्हाणीतलं सांडपाणी जिथून जातं तो ट्रॅप उखडून नवा बसवला, भिंत तीन आठवडे वाळू दिली आणि मग पुट्टीचे दोन हात. दोनच. मी तोंडातून शब्द काढला नाही.

पीओपीच्या भिंतीवर उरलेली बारीक भोकं मी त्याच पिशवीतल्या सिमेंट पुट्टीने भरायला सुचवलं, तेव्हा दोन्ही कारागीर प्रथमच एकत्र झाले आणि एकसुरात नाही म्हणाले. जिप्सम आणि सिमेंट यांच्यामधे ओलावा आला की दोघांची प्रक्रिया होऊन थर फुगतो आणि पापुद्रे सुटतात. त्याऐवजी भिंत दोन आठवडे वाळू दिली, प्रायमर मारला आणि वरून डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी हलक्या हाताने फिरवली. मग रंग. रंगाचं नाव कार्डावर काहीतरी काव्यमय आहे, घरात त्याला आम्ही बासुंदी म्हणतो.

शेवटी वॉललाइट लावायला इलेक्ट्रिशियन आला. भिंत तिथे सहा मिलिमीटर पुढे आल्याने आतली डबी तेवढीच खोल गेली होती आणि दिव्याचे स्क्रू तिथवर पोचेनात. "लांब स्क्रू घेऊन उद्या येतो," म्हणाला. त्याला दोन महिने होतील. दिवा माळ्यावर आहे, भोकावर कॅलेंडर आहे, आणि मधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात भिंत अगदी पूर्वीसारखी दिसते.