चर्चेनुसार सादर

नवे साहेब, अभिनंदन. जिल्ह्यातली धूळ खाऊन झाली, आता मंत्रालयात उपसचिवाची खुर्ची मिळाली. मी कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, तुमच्याएवढं माझं शिक्षण नाही. पण तुमच्यासारखे साहेब येताना आणि जाताना बरेच पाहिलेत, म्हणून चार शब्द सांगतो.

राजकीय तटस्थतेची तुम्हाला फार काळजी वाटत असेल. वाटू देऊ नका. अखिल भारतीय सेवांचे 1968 चे वर्तणूक नियम काढा आणि नियम 5 वाचा. पक्षाचं सभासद व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, एवढंच काय, अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तरी तो निवडणुकीत वजन वापरण्याचा प्रकार समजला जातो. म्हणजे गाडीच्या काचेवर स्टिकर नाही ना, एवढं पाहिलं की तुम्ही तटस्थ. स्टिकर कोणी शोधायला येत नाही, आणि स्टिकर लावण्याइतका भोळा अधिकारी मी तरी पाहिला नाही. आमच्याकडचा कल लोकांना काचेवर दिसत नाही, नस्तीत म्हणजे फायलीत दिसतो.

तेव्हा नस्तीपासून जपा. त्याच नियमावलीत नियम 3 आहे, तो जरा घातक आहे. तो म्हणतो, अधिकाऱ्याने स्वतःच्या बुद्धीला पटेल तसं वागावं. वरिष्ठाच्या आदेशाने वागायचं तर तो आदेश एरवी लेखी असावा. अगदी नाइलाजाने तोंडी दिला, तर वरिष्ठाने तो लगेच लेखी कळवावा, आणि खालच्यानेही तो लेखी मागून घ्यावा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या खटल्यात हेच पुन्हा ठणकावून सांगितलं, की तोंडी हुकमावर कामं करू नका. याचिका करणारे त्र्याऐंशी जण, बहुतेक निवृत्त सनदी अधिकारी. निवृत्तीनंतर माणसाला धीर येतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

तुम्ही अजून नोकरीत आहात. तुम्हाला फोन येईल तो मंत्र्यांचा नसेल, त्यांच्या खासगी सचिवाचाही नसेल, त्याच्याही हाताखालच्या कोणा पोराचा असेल. तो म्हणेल, "साहेब म्हणाले, ते जरा बघून घ्या." यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं आहे, पण आदेश कुठेच नाही. इथे "जरा लेखी पाठवता का?" असं विचारलंत की संध्याकाळपर्यंत सहाव्या मजल्यावर तुमची ख्याती होईल: 'अडवणारे आहेत'. त्यापेक्षा टिपणीत लिहा, 'चर्चेनुसार सादर'. कोणाची चर्चा, कधी, काय ठरलं, हे ते शब्द सांगतच नाहीत. तीन वर्षांनी चौकशी लागली तर चर्चा झाली होती की नाही, यावर पुन्हा एक चर्चा घेता येते.

ही कला आजची नाही. तिचा उत्तम धडा 1957 चा, आणि तो घडला आपल्या मुंबईत. त्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा नावाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले, सव्वा कोटींच्या आसपास. गडी कर्जात बुडालेला, आणि पैसा विमेदारांचा. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला आधी विचारलंच नाही. बरं, सरकारला महामंडळाला काही सांगायचं असेल तर त्याचीही सोय कायद्यात होती. कलम 21 म्हणतं, सार्वजनिक हिताशी संबंधित धोरणाबाबत केंद्र सरकारने लेखी निर्देश द्यावेत. लेखी! एवढ्या एका शब्दासाठी कोण थांबणार?

डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत हे बाहेर काढलं. चौकशीला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला बसले, तेही उघड, लोकांसमोर. साक्षीला अर्थसचिव एच. एम. पटेल आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी. सचिवांचं म्हणणं, मी मंत्र्यांच्या कानावर घातलं होतं. मंत्र्यांचं म्हणणं, मी काही होकार दिला नव्हता. दोघंही मोठी माणसं, आणि दोघांमध्ये व्यवहाराआधीची मंत्र्यांची लेखी मान्यता म्हणून दाखवता येईल असा चिठोरासुद्धा नाही. माझ्या टेबलावर एका पाण्याच्या टाकीसाठी अकरा सह्या लागायच्या. सव्वा कोटी मात्र 'कानावर घालून' गेले.

छगलांनी निकाल दिला तो आपल्या दृष्टीने फार गैरसोयीचा. हाताखालच्याने केलं असं म्हणून मंत्र्याला सुटता येणार नाही, घटनेप्रमाणे जबाबदारी त्याचीच. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारी गेले. सचिवही बचावले नाहीत, त्यांच्यामागे वेगळी चौकशी लागली आणि त्यांनी सेवा सोडली. पुढे हेच एच. एम. पटेल राजकारणात आले आणि 1977 मध्ये मोरारजींच्या मंत्रिमंडळात त्याच अर्थखात्याचे मंत्री झाले. तेव्हा त्यांच्या सचिवांनी गोष्टी कानावर घातल्या की कागदावर, हे विचारायची मला फार इच्छा होती. पण माझा हुद्दा तेवढा नव्हता.

दुसरे पटेल मात्र तुम्हाला कुणी वाचायला देईल, तेव्हा सावध राहा. सरदार पटेलांनी ऑक्टोबर 1949 मध्ये घटना समितीत सांगितलं होतं, की माझा सचिव आज माझ्या मताविरुद्ध टिपण लिहू शकतो, मी सगळ्या सचिवांना ती मोकळीक दिली आहे. त्यांचा हिशेब साधा होता. निर्णयाआधी सचिवाने मनातलं स्पष्ट लिहावं, निर्णय मंत्र्याने घ्यावा, आणि एकदा घेतला की त्याच सचिवाने तो आपलाच असल्यासारखा राबवावा. तटस्थता पहिल्या अर्ध्यात आणि निष्ठा दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधे मंत्र्याची सही. आपण यात थोडी सुधारणा केली आहे. निष्ठा पहिल्या अर्ध्यात आणली, आणि तटस्थता चौकशीच्या दिवसासाठी राखून ठेवली.

म्हणजे काय, ते एका नस्तीवरून सांगतो. समजा, एका शिक्षणसंस्थेला गावचं गायरान हवंय. संस्था कोणाची, हे टिपणीत येत नाही, पण शिपायालाही ठाऊक असतं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी अशा वाटू नयेत म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी राज्याने तसा शासन निर्णयही काढला. खालून कक्ष अधिकारी नियमाप्रमाणे लिहितो, 'प्रस्ताव अमान्य करणे उचित होईल.' झाली अडचण. तुम्ही नस्ती परत पाठवा, समासात फक्त दोन शब्द: 'कृपया बोलावे'. तो येईल, तुम्ही बोलाल, त्याला पोरंबाळं आहेत. दुसऱ्या खेपेला टिपणी येते ती अशी: शासन निर्णयाची पताका 'क', संस्थेच्या शैक्षणिक कार्याची पताका 'ड', आणि शेवटी 'उपरोक्त वस्तुस्थिती विचारात घेऊन योग्य त्या निर्णयास्तव सादर'. आता टिपणीला मतच उरलं नाही. तुमची सही तिच्यावर आहे, पण ती कशावर आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वरून शेरा येतो, 'खास बाब म्हणून मान्य'. जुनी टिपणी नस्तीतून काढायला विसरू नका, आणि पानांचे क्रमांकही नव्याने घाला, कारण ते पाहणारी खवचट माणसं असतात. चौदानंतर एकदम सतरा आलं, की त्यांच्या लगेच लक्षात येतं.

तुम्ही म्हणाल, निवडून आलेलं सरकार आहे, त्याला गायरान द्यायचंच असेल तर आम्ही कोण अडवणारे? अगदी बरोबर. कायदा बदलणं, शासन निर्णय फिरवणं, सभागृहात उत्तर देणं, हे त्यांचे अधिकार. तुमची विरोधी टिपणी असताना त्यांनी 'नाही, मी देतो' असं लिहून सही केली, तर जबाबदारी त्यांची, आणि ते प्रामाणिक सरकार म्हणावं लागेल. पण तेवढ्यासाठी त्यांना लिहावं लागेल. एखाद्या लोकप्रतिनिधीला असं संकटात घालणं ही निष्ठा आहे का?

बदलीची भीती मात्र बाळगूच नका, त्यासाठी कायदा आहे. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये, असं ठरलंय. मधेच करायच्या तर विशेष कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची. विशेष कारण बहुधा 'प्रशासकीय निकड' या दोन शब्दांचं असतं. निकड काय होती, हे विचारायला माणूस प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो, आणि कारणच नोंदवलेलं नसेल तर कधी कधी जिंकूनही येतो. परत येईस्तोवर खुर्चीत दुसरा बसलेला असतो, आणि त्याने तीन गायरानं निकाली काढलेली असतात.

सरकार बदललं की गंमत पाहा. कालपर्यंत ज्यांच्या दौऱ्यात तुम्ही पुढच्या गाडीत होतात, ते विरोधी बाकांवर. नवे मंत्री पहिल्याच बैठकीत तुमच्याकडे बघून शेजारच्याला विचारतात, "हे त्यांचे ना?" 'त्यांचे' हा शब्द ऐकून तुम्हाला फार वाईट वाटेल. तुम्ही तर सगळ्यांचंच ऐकलं होतं. पण सगळ्यांचं ऐकलं ते तोंडी, त्यामुळे तुम्ही कोणाला काय सल्ला दिला होता, हे दाखवायला एकही कागद नाही.

शेवटी एका साहेबांचं सांगतो, म्हणजे कसं वागू नये ते कळेल. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं होतो. फोन ठेवला की ते लगेच टिपण लिहीत: 'आज दुपारी 3.40 वाजता दूरध्वनीवर खालीलप्रमाणे निर्देश मिळाले. कृपया लेखी पुष्टी व्हावी, ही विनंती.' खाली सही, आणि कागद वर रवाना. दहांतल्या नऊ वेळा पुष्टी येत नसे, आणि आश्चर्य म्हणजे कामाची आठवणही येत नसे. दहाव्या वेळी पुष्टी आली, की साहेब तेच काम, स्वतःला न पटलेलं असलं तरी, रात्री आठपर्यंत बसून तडीस नेत. त्यांना फोन करायचं लोकांनी हळूहळू बंद केलं. मग त्यांना अशा जागी बसवलं, जिथे फोनच नव्हता. काही वर्षांनी एका जुन्या प्रकरणाची चौकशी लागली. आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं, वरपासून शिपायापर्यंत. त्यांना आलं नाही, त्यांचा कागद नस्तीत होता. ऐन निवृत्तीच्या वयात माणसाला चौकशीला साधं कोणी बोलावूही नये!

परवा बाजारात भेटले. बाई घरून फोनवर काहीतरी सांगत होत्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं मेसेजवर टाक." मग पिशवी धरून दुकानाच्या पायरीवर यादीची वाट पाहत उभे राहिले. यादी आली. तिच्यात कोथिंबीर नव्हती, म्हणून त्यांनी घेतली नाही.