जळा, म्हणजे प्रेम सिद्ध होईल

प्रेम आहे म्हणताय, पण पुरावा? जोडीदाराचं लोकेशन चोवीस तास चालू ठेवा, बॅटरी संपली की भांडा.

पासवर्ड मागा. 'लपवण्यासारखं काही नाही ना, मग दे की' हे वाक्य पाठच करा.

बाहेर जेवायला गेली की व्हिडिओ कॉल कराच. परवा आम्ही चौघं जेवत होतो, मैत्रिणीच्या नवऱ्याचा कॉल, "कॅमेरा फिरव जरा, कोण कोण आहे बघू." मग आम्ही ओळीने हात हलवले, मी तर तोंडात घास धरून. फोन ठेवल्यावर ही म्हणते, "फार जीव आहे गं त्याचा."

आणि मुख्य टिप, जळणं आणि जळून वागणं यातला फरक कुणाला कळू देऊ नका. फायफर आणि वाँग नावाच्या दोन संशोधकांनी 1989 मध्ये मत्सर मोजायची प्रश्नावली काढली आणि त्यात मनातला संशय, वाईट वाटणं आणि प्रत्यक्ष वागणं असे तीन वेगळे भाग केले, उगाच घोळ घातला! पोटात गोळा येणं तुमच्या हातात नाही, मान्य. पण ती आंघोळीला जायची वाट बघायची, पिन टाकायचा, चॅट वाचायचं आणि परत अनरीड करून ठेवायचं, ही भावना आहे का हो? हे रीतसर प्लॅन करून केलेलं काम आहे.

'आमच्यात असंच असतं' हेही म्हणा. जिथे पुरुषाची इज्जत बायकोच्या वागण्यावर टांगलेली असते तिथे न जळणारा पुरुष बावळट ठरतो, त्यामुळे हा पुरावा तिच्यासाठी नसतोच, बघणाऱ्यांसाठी असतो. 1976 मध्ये ब्राझीलमध्ये डोका स्ट्रीट नावाच्या माणसाने आपल्या जोडीदाराला, अँजेला डिनीझला, गोळ्या घातल्या, ती नातं तोडत होती म्हणून. वकिलाने 'इज्जतीचा बचाव' मांडला, 1979 मध्ये शिक्षा झाली दोन वर्षं, तीही स्थगित, आणि गडी घरी! बायका रस्त्यावर उतरल्या, 'जो प्रेम करतो तो मारत नाही' म्हणाल्या, तेव्हा कुठे 1981 मध्ये पुन्हा खटला चालून पंधरा वर्षं झाली. आणि तो बचाव घटनाबाह्य आहे असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 2023 उजाडलं.

आता म्हणाल, कुठे खून आणि कुठे एक व्हिडिओ कॉल. बरोबर, प्रत्येक कॉल करणारा खुनी नसतो. पण सबब तीच आहे ना, 'प्रेम आहे म्हणून'?

बास झाला उपरोध. मत्सर वाटला तर तोंड उघडून सांगा, 'मला भीती वाटतेय.' ते जमत नाही म्हणून दुसऱ्यावर पाळत ठेवता आणि वर कौतुकही हवं? आणि 'तिलाच आवडतं' हे तर बोलूच नका, नाही म्हटल्यावर रात्रभर काय होतं ते तिला माहितीये म्हणून ती हो म्हणते.