थांबता येतं का, ते पाहा

"दिवाळीत मीही अर्धा डबा चकल्या संपवते. मग मलाही बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खाण्याचा आजारच आहे म्हणायचा का?"

ताई, तुम्ही चार जणांत, गप्पा मारत, चवीने खाता. माझी धाकटी बहीण सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायची. दिवसभर वजनाच्या धास्तीने अर्धपोटी. रात्री रूममेट झोपली की तासाभरात ब्रेडचा अख्खा पुडा, फरसाण, उरलेल्या गार पोळ्या, सगळं भराभर, पोट दुखेपर्यंत. भूक नसली तरी. "हात थांबतच नाही गं," म्हणायची. रिकामी पाकिटं लपवायची आणि रडायची. ताण आला की गोड खाणं निराळं, तिथे सहसा ताबा असतो. बहिणीसारखा ताबा सुटून खाण्याचा प्रकार आठवड्यातून किमान एकदा, 3 महिने चालला आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर बिंज ईटिंग डिसऑर्डरचं निदान होऊ शकतं. नंतर उलटी काढणं वगैरे नियमित असेल तर तो बुलिमिया, वेगळा आजार. तिचं तसं नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञांनी डाएट बंद करून ठरलेल्या वेळी तीन जेवणं आणि मधली खाणी सुरू केली. मला ते उलटंच वाटलं होतं, पण दिवसाची उपासमारच रात्रीच्या खाण्याला खतपाणी घालत होती. महिन्याभरात त्या रात्री कमी झाल्या, पूर्ण थांबायला वर्ष गेलं.