"वरिष्ठ आणि कनिष्ठ मिळून उद्दिष्टे ठरवतात", म्हणे

सकाळपासून भाची हॉलमध्ये फेऱ्या मारत पाठ करतेय. नियोजन आणि नियंत्रणाचा धडा, त्यात एमबीओ, म्हणजे उद्दिष्टानुसार व्यवस्थापन. "पायरी दुसरी, वरिष्ठ आणि कनिष्ठ चर्चा करून उद्दिष्टे ठरवतात." हे चौथ्यांदा ऐकलं आणि माझा चहा गार झाला. चर्चा! कुठल्या गावात होते ही चर्चा?

मी एकेकाळी लिफ्ट मेन्टेनन्सच्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. दादर-माहीम पट्टा, 140 लिफ्ट, 7 टेक्निशियन. एप्रिलच्या एका दुपारी साहेबांनी कागद सरकवला. बिघाडाचे 90 टक्के कॉल 4 तासांत बंद. "वाच आणि सही कर, मला ट्रेन पकडायचीय." झाली आमची चर्चा.

पहिल्या तीन महिन्यांत आम्ही 94 टक्के गाठले. पेढे वाटले, खोटं कशाला बोलू, मीही खाल्ले.

माहीमच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या दाराचा कॉन्टॅक्ट झिजला होता. दार बंद झाल्याचं तो कॉन्टॅक्ट सांगत नाही तोवर लिफ्ट जागची हलत नाही. आमचा पोरगा जायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पट्टी थोडी वाकवायचा, लिफ्ट चालू, कॉल बंद. आठवड्याने पुन्हा तेच. त्या महिन्यात तिथून पाच कॉल आले आणि पाचही वेळेत बंद झाले. कागदावर पाच यश. चौथ्या मजल्यावरचे आजोबा मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकच्या स्टुलावर दम खात बसलेले असायचे. तो स्टूल सोसायटीने तिथे कायमचाच ठेवला होता.

नवा कॉन्टॅक्ट का नाही बसवला? कारण स्टोअरचं उद्दिष्ट होतं, पडून असलेला माल कमी करा. त्यांनीही ते चोख पाळलं. वस्तू मागवली की नऊ दिवस. स्टोअर पास, आम्ही पास, लिफ्ट बंद. भाचीच्या नोट्समध्ये एमबीओच्या मर्यादांखाली एक ओळ आहे, "विभागांच्या उद्दिष्टांत समन्वयाचा अभाव." ती ओळ म्हणजे तो स्टूल आहे, बाई!

आमच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियनला सगळे काका म्हणायचे. एकदा बॅग खांद्यावर टाकता टाकता ते म्हणाले, "साहेब, कॉल मोजू नका, लिफ्ट मोजा." मी रजिस्टर काढून बसलो. महिन्याचे कॉल 60 वरून 85 वर गेले होते आणि त्यातले 31 फक्त नऊ लिफ्टचे. एकाच लिफ्टचा कॉल तीस दिवसांत परत आला तर आधीचं काम झालेलंच नव्हतं. इतकं सोपं. पण काकांना उद्दिष्ट ठरवताना विचारलं कोणी? मीही नाही विचारलं. साहेबांनी मला जे केलं तेच मी खाली केलं, सात सह्या घेतल्या.

ठीक आहे, एक मान्य करतो. तो कागद येण्याआधी आमच्याकडे जो सेक्रेटरी जास्त ओरडेल त्याची लिफ्ट आधी व्हायची. ते थांबलं.

व्यवस्थापनावर पुस्तकं लिहिणाऱ्या पीटर ड्रकरने 1954 साली हे एमबीओ मांडलं तेव्हा त्याचे शब्द होते उद्दिष्टं "आणि स्वयंनियंत्रण". हा दुसरा शब्द आपल्याकडे येईपर्यंत रस्त्यात कुठे पडला कोण जाणे. त्याचं म्हणणं, कामाचे आकडे आधी काम करणाऱ्याच्या हातात पडावेत, म्हणजे तो स्वतःच सुधारेल. आमचे आकडे आधी साहेबांकडे जायचे आणि वर्षअखेरीला पगारवाढीच्या वेळी आमच्या अंगावर यायचे. मग पोरं कॉल घासून बंद करणार नाहीत तर काय करणार? मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा दिला होता.

कंपनीचं ध्येय, त्यातून प्रत्येकाचं उद्दिष्ट, ते कसं गाठायचं आणि त्याला काय सामान लागेल याचा आराखडा, मधूनमधून आढावा, शेवटी मूल्यमापन आणि पुन्हा पहिल्यापासून. पायऱ्या चुकीच्या नाहीत हो. आमच्याकडे आराखड्याची पायरीच नव्हती, नाहीतर कॉन्टॅक्टचा विषय एप्रिलमध्येच निघाला असता. आढाव्यात दर महिन्याला टक्का वाचायचे आणि पुढे जायचे. 85 हा आकडा त्या खोलीत कोणी उच्चारलाच नाही.

ड्रकरने एक पत्राची पद्धतही सांगितलीय. हाताखालच्याने वर्षातून दोनदा साहेबाला लिहायचं, तुमचं काम काय आणि माझं काय असं मला वाटतं, आणि तुम्ही व कंपनी जे करता त्यातलं काय मला मदत करतं, काय आडवं येतं. आडवं येतं! काकांनी ते पत्र लिहिलं असतं तर दोन ओळींत संपलं असतं.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, पाच मार्कांना आहे."

बरं. नोकरी बदलून मला बरीच वर्षं झाली, उद्दिष्टांचा फॉर्म तसाच आहे. सोमवारी माझ्या टेबलावर येईल. "आडवं काय येतं" असा रकाना त्यात नाही, पण मागची बाजू कोरी असते.