काठावर सुकणारा गाळ नाल्यातच परत जातो

नाल्यातून काढलेला गाळ काठावर ठेवू नका, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने लिहिलंय: «काठावर दोन दिवस सुकू दिल्याशिवाय गाळ उचलता येत नाही. ओला नेला तर रस्ताभर सांडतो. काठावर ठेवूच नका असं लिहिणाऱ्याने कधी हे काम केलंय असं वाटत नाही.»

ओला गाळ सांडतो, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि मूळ लेखात मी त्याला पुरेशी जागा दिली नाही. पाणी काढावंच लागतं. माझा आक्षेप फक्त काठाला आहे.

काठावरच्या ढिगाला दुसऱ्या दिवशी राखाडी पापुद्रा येतो, भेगा पडतात आणि बघणाऱ्याला वाटतं की सुकला. तिथे फावडं मारून बघा. वीतभर आत तो तसाच काळा, लिबलिबीत आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असतो. हवाच पोचलेली नसते, तर पाणी जाणार कुठून? एक सर आली की ढिगापासून नाल्यापर्यंत काळ्या रेघा उमटतात. आधी वाहून जातो तो सगळ्यांत बारीक गाळ. मागे रेती आणि प्लॅस्टिक उरतं, त्यामुळे ढीग फारसा कमी झालेला दिसत नाही. मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. साफ केलेल्या तळाशी आठवड्याभरात बोटाला गुळगुळीत लागणारा थर आला, तर आधी आपलाच ढीग तपासा.

समजा 100 मीटर लांब, 1 मीटर रुंद नाल्यात 30 सेंटिमीटर गाळ आहे. म्हणजे 30 घनमीटर, वजन साधारण 36 टन. त्यात 70 टक्के पाणी धरलं तर खरी माती जेमतेम 11 टन. पाणी 40 टक्क्यांवर आणलं की एकूण वजन 18 टन होतं, म्हणजे फेऱ्या जवळपास निम्म्या.

त्यासाठी नाल्यापासून दूर, किंचित उताराच्या 10 बाय 15 मीटर जागेवर जाड ताडपत्री अंथरायची आणि गाळ 20 सेंटिमीटरपेक्षा जाड पसरायचा नाही. तीन बाजूंना मातीचा बांध. खालच्या बाजूला खडी-वाळूने भरलेला चर आणि त्यापुढे निवळणीचा खड्डा. वरचं निवळलेलं पाणीच नाल्यात सोडायचं. भेगा पडल्या की थर उलटायचा. हे न केल्याने बहुतेक ठिकाणी काम फसतं. पावसाचं चिन्ह दिसलं की वरूनही झाकायचं. दूरची जागाच नसेल, तर ओला गाळ मागच्या फळ्याला रबराची पट्टी बसवलेल्या डंपरमधून, पाऊणच भरून, त्याच दिवशी हलवावा.

एका समजाबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. सुकताना गाळ काळ्याचा तपकिरी होतो, म्हणून लोक तो झाडांना घालायला नेतात. तो काळेपणा लोखंड आणि गंधकाच्या संयुगाचा असतो. हवा लागली की ते बदलतं आणि रंग उतरतो. रस्त्यांवरून धुऊन आलेलं शिसं, जस्त, तांबं तिथेच राहतं, उलट काही वेळा जास्त सुटं होतं. म्हणून जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय तो शेतात किंवा बागेत नको. नमुना घ्यायचा तर वरच्या पापुद्र्याचा नाही, थराच्या तळापर्यंतचा, निदान पाच ठिकाणचा एकत्र करून.